चार्जर कायम लावलेला लॅपटॉप : बॅटरी ठेवावी की काढावी?

बारामती-इंदापूर भागात लॅपटॉप आता फारसा कुठे फिरत नाही. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर, दूध संकलन केंद्रातल्या टेबलावर, सातबारा आणि आठ-अ काढून देणाऱ्या सेवा केंद्रात, पतसंस्थेच्या शाखेत तो एकदा मांडला की चार-चार, पाच-पाच वर्षं तिथून उचलला जात नाही. चार्जरची पिन पहिल्या दिवशी लावलेली असते, ती यंत्र दुरुस्तीला नेतानाच निघते. मग एके दिवशी लाईट जाते आणि लॅपटॉप त्याच क्षणी बंद पडतो. तेव्हा लक्षात येतं की बॅटरी बॅकअप देत नाही.

दुरुस्तीच्या दुकानात यानंतर जे दोन प्रश्न विचारले जातात ते ठरलेले आहेत. "दादा, चार्जर सारखा लावून ठेवला म्हणून बॅटरी गेली का?" आणि "गेलीच आहे तर काढून टाकू का? नुसत्या चार्जरवर चालेल ना?" पहिल्याचं उत्तर असं की हो, बऱ्याच अंशी त्यामुळेच गेली, पण लोक समजतात त्या कारणाने नाही. दुसऱ्याचं उत्तर असं की चालेल, पण आपल्या भागात ते सहसा शहाणपणाचं नाही. दोन्ही उत्तरांमागचं कारण नीट समजलं तर नवी बॅटरी घेण्याची वेळ बरीच लांबवता येते.

आधी एक गैरसमज बाजूला करू. बॅटरी भरल्यावरही वीज आत जात राहते आणि जास्त भरल्याने ती खराब होते, असं बहुतेकांना वाटतं. आजच्या लॅपटॉपमध्ये तसं होत नाही. चार्जरमधून साधारण १९ ते २० व्होल्टची वीज मदरबोर्डवर येते आणि तिथली एक चिप ती दोन कामांना वाटून देते : यंत्र चालवणं आणि बॅटरी भरणं. बॅटरी पूर्ण भरली की ही चिप भरण्याचा प्रवाह तोडते. त्यानंतर लॅपटॉप चार्जरवर चालतो आणि बॅटरी नुसती बसून असते. आपोआप थोडी उतरून ती ९५ टक्क्यांच्या आसपास आली की पुन्हा भरली जाते. जास्त भरण्यापासून रोखणारं आणखी एक सर्किट बॅटरीच्या आतच असतं.

मग नुकसान कशाने होतं? भरलेल्या अवस्थेत बसून राहण्याने. लिथियम-आयन बॅटरीचा प्रत्येक सेल पूर्ण भरलेला असतो तेव्हा त्याचा दाब ४.२ व्होल्ट असतो, काही नव्या प्रकारांत त्याहूनही थोडा जास्त. या वरच्या दाबावर आतलं रसायन अस्वस्थ असतं. एका बाजूच्या ग्राफाइटवर एक पातळ थर असतो, तो हळूहळू जाड होत जातो आणि वीज साठवणारं लिथियम त्यात अडकून पडतं. दुसऱ्या बाजूला आतला द्रव तुटू लागतो आणि त्यातून थोडा थोडा वायू तयार होतो. या दोन्ही क्रिया बॅटरी वापरली नाही तरी चालूच असतात. सेल निम्मा भरलेला असेल तर त्या फार मंद चालतात, काठोकाठ भरलेला असेल तर वेगाने, आणि भरलेला असून वर तापलेलाही असेल तर सर्वांत वेगाने.

हा फरक किती मोठा आहे ते आकड्यांत पाहण्यासारखं आहे. बॅटरी तपासण्याची यंत्रं बनवणाऱ्या कॅडेक्स या कॅनडातल्या कंपनीने प्रसिद्ध केलेला एक तक्ता या क्षेत्रात नेहमी वापरला जातो. त्यानुसार लिथियम-आयन बॅटरी ४० टक्के भरून २५ अंश सेल्सिअसला वर्षभर ठेवली तर तिची ९६ टक्के क्षमता शिल्लक राहते. तीच १०० टक्के भरून त्याच तापमानाला ठेवली तर ८० टक्के राहते. तापमान ४० अंश असेल तर ४० टक्के भरलेली बॅटरी वर्षाअखेर ८५ टक्क्यांवर येते आणि पूर्ण भरलेली ६५ टक्क्यांवर. प्रत्येक कंपनीच्या सेलमध्ये हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण दिशा बदलत नाही.

आता हा तक्ता आपल्या टेबलावर ठेवून पाहा. एप्रिल-मे महिन्यांत बारामती आणि इंदापुरात दुपारचा पारा चाळिशीच्या वर जातो. दुकानावर पत्रा असेल तर आतली हवा त्याहून तापते. लॅपटॉपच्या आत प्रोसेसरची उष्णता वेगळी, आणि पातळ यंत्रांत बॅटरी प्रोसेसरच्या अगदी शेजारी असते. त्यात पंख्याच्या जाळीत धूळ बसलेली. रस्त्याकडेच्या दुकानात फुफाटा, कारखान्याच्या परिसरात गळीत हंगामात उडणारी बगॅसची राख. जाळी बुजली की पंखा आवाज करतो, पण उष्णता बाहेर जात नाही. म्हणजे वर्षातले अनेक महिने ती बॅटरी वर दिलेल्या आकड्यांतल्या सर्वांत वाईट चौकटीत बसलेली असते : पूर्ण भरलेली आणि तापलेली.

तुमच्या लॅपटॉपमध्ये नेमकं काय झालं आहे ते पाहायला दुकानात जावं लागत नाही. विंडोज असेल तर Command Prompt उघडून एक ओळ टाइप करायची :

```
powercfg /batteryreport /output "%USERPROFILE%\battery.html"
```

यातून battery.html नावाची फाइल तयार होते. ती तुमच्या यूजर फोल्डरमध्ये असते आणि ब्राउझरमध्ये उघडते. तिच्यात वरच्याच भागातल्या तीन ओळी वाचायच्या. DESIGN CAPACITY म्हणजे नवी असताना बॅटरीत किती वीज मावत होती. FULL CHARGE CAPACITY म्हणजे आज किती मावते. आणि CYCLE COUNT म्हणजे ती पूर्ण रिकामी होऊन भरल्याइतका वापर आजवर किती वेळा झाला. शेवटची ओळ काही यंत्रांत कोरी असते, पण असेल तर ती फार बोलकी ठरते.

समजा इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या दूध संकलन केंद्रातला चार वर्षांचा लॅपटॉप आहे. अहवालात DESIGN CAPACITY ४१,००० मिलिवॅट-अवर, FULL CHARGE CAPACITY २४,६०० आणि CYCLE COUNT फक्त ३८ आहे. २४,६०० भागिले ४१,००० केलं की ०.६ येतं. बॅटरी ६० टक्क्यांवर आली आहे. पण ती वापरून झिजलेली नाही. लॅपटॉपची साधारण बॅटरी ३०० ते ५०० वेळा पूर्ण वापरली की ८० टक्क्यांच्या आसपास येते, अशी अपेक्षा असते. इथे फक्त ३८ वेळा वापर झाला आहे आणि तरी ४० टक्के क्षमता गेली आहे. वापर कमी आणि घट मोठी, ही जोडी दिसली की समजावं, बॅटरी भरून आणि तापून म्हातारी झाली आहे.

आता प्रश्न असा की ही ६० टक्क्यांवर आलेली बॅटरी टाकाऊ आहे का? हिशोब करून पाहू. संकलनाच्या वेळी लॅपटॉपवर एकच सॉफ्टवेअर चालू असतं. फॅट, एसएनएफ आणि वजन नोंदवायचं, पावती काढायची. पडद्याचा उजेड मध्यम ठेवला तर असा लॅपटॉप साधारण १२ वॅट घेतो असं धरू. २४.६ वॅट-अवर भागिले १२ म्हणजे दोन तासांहून थोडं जास्त. सकाळचं संकलन तेवढ्यात आटोपतं. म्हणजे कागदावर ६० टक्क्यांवर आलेली ही बॅटरी केंद्राची गरज अजून पूर्ण भागवते. तिला मोडीत काढायचं कारण नाही. तिची उरलेली क्षमता टिकवायची तेवढी तजवीज करायला हवी.

ती तजवीज म्हणजे बॅटरी १०० टक्के भरू न देणं. लॅपटॉपवाल्या बहुतेक कंपन्यांनी यासाठी सोय दिलेली आहे, फक्त ती खरेदीच्या दिवशी कुणी दाखवत नाही. लेनोवोमध्ये Lenovo Vantage हे ॲप उघडून Conservation Mode चालू करायचा. एससमध्ये MyASUS ॲपमध्ये Battery Health Charging किंवा नव्या आवृत्तीत Battery Care Mode असतो. एचपीच्या अनेक यंत्रांत ही सोय बायोसमध्ये Battery Health Manager या नावाने असते, तिथे Maximize my battery health निवडायचं. डेलमध्ये बायोसमध्येच Primarily AC Use किंवा Custom असा पर्याय मिळतो. ज्यांच्याकडे लिनक्स आहे आणि यंत्राचा ड्रायव्हर साथ देतो, त्यांना एका ओळीत काम भागवता येतं :

```
echo 80 | sudo tee /sys/class/power_supply/BAT0/charge_control_end_threshold
```

काही यंत्रांत BAT0 ऐवजी BAT1 असतं, आणि लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केल्यावर ही मर्यादा अनेकदा पुन्हा द्यावी लागते.

ही सोय चालू केली की चार्जर बारा महिने लावलेला असला तरी बॅटरी बहुतेक यंत्रांत ८० टक्क्यांच्या आसपास थांबते. तिथे सेलचा दाब ४.२ व्होल्टवरून साधारण ४ व्होल्टवर आलेला असतो. फरक छोटा दिसतो, पण आतली झीज ठरते ती याच शेवटच्या थोड्या दाबावर. काही यंत्रांत ६० टक्क्यांचाही पर्याय असतो. दोन्हींतलं कोणतं घ्यावं हे तुमच्याकडे लाईट किती वेळ जाते त्यावर ठरवावं. आपल्या दूध केंद्राच्या उदाहरणात ८० टक्के म्हणजे १९.७ वॅट-अवर, म्हणजे सुमारे एक तास ३८ मिनिटं. ६० टक्के म्हणजे १४.८ वॅट-अवर, सव्वा तासाच्याही आत. गावात सकाळी दीड तास वीज जाण्याची शक्यता असेल तर ८० ठेवा. बारामती शहरात इन्व्हर्टर असलेल्या कार्यालयात ६० पुरे, आणि बॅटरी त्याहून जास्त टिकेल.

इथे एक गोष्ट तपासून घ्यायला हवी. वर्षानुवर्षं चार्जरवर असलेल्या लॅपटॉपला स्वतःच्या बॅटरीचा अंदाज नीट राहत नाही. आत-बाहेर जाणाऱ्या विजेची मोजदाद करून तो टक्केवारी दाखवतो, आणि बॅटरी कधी उतरलीच नाही तर ही मोजदाद चुकत जाते. मग पडद्यावर ४५ टक्के दिसत असताना यंत्र अचानक बंद पडतं. म्हणून नुसत्या अहवालातल्या आकड्यावर विसंबू नका. कामाची गर्दी नसताना, सगळं सेव्ह करून, चार्जर काढा आणि घड्याळ लावून पाहा. नेहमीचं काम करत राहा आणि बॅटरी १० टक्क्यांपर्यंत येऊ द्या. किती मिनिटं गेली तो तुमचा खरा बॅकअप. मग पुन्हा पूर्ण भरा, म्हणजे मोजदादही जाग्यावर येते, आणि त्यानंतर ८० ची मर्यादा लावा. हे काही महिन्यांतून एकदा केलं तरी चालतं. रोज बॅटरी शून्यावर आणून भरण्याचा जो सल्ला अजून दिला जातो तो मात्र सोडून द्यावा. तो जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला आहे. लिथियम बॅटरीची त्याने उलट झीज होते.

आता दुसरा प्रश्न, बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर चालवण्याचा.

जुन्या लॅपटॉपची बॅटरी मागच्या खटक्याने निघत असे, तेव्हा हा उपाय सोपा होता आणि तर्कालाही धरून होता. भरलेली बॅटरी गरम यंत्रातून बाहेर काढून, निम्म्यावर आणून कपाटात ठेवली तर ती नक्कीच जास्त टिकते. वरचा तक्ता तेच सांगतो. पण बॅटरी वाचवण्यासाठी आपण काय पणाला लावतो हेही पाहायला हवं, कारण बॅटरी ही लॅपटॉपमधली बदलता येणारी वस्तू आहे आणि आतला हिशोब तसा बदलून मिळत नाही.

आपल्याकडच्या विजेचं रूप ज्याला माहीत आहे त्याला हे पटवावं लागणार नाही. गावठाणाच्या फिडरवर वीज बहुतेक वेळ असते, पण ती झटके देते. कुठे डीपीवर डीओ उडतो, वाऱ्याने तारा एकमेकींना लागतात, महावितरण दुरुस्तीसाठी फिडर बंद करतं आणि मग चालू करून पुन्हा बंद करतं. मळ्यात, वस्तीवर राहणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. तिथली घरं पुष्कळदा शेतीपंपांच्या फिडरवर असतात, त्याची थ्री फेज वीज पाळीने येते आणि बाकीच्या वेळी सिंगल फेज. पाळी बदलताना वीज क्षणभर जाते आणि येते. दिवा नुसता मिचकतो म्हणून आपण तिकडे लक्ष देत नाही. बॅटरी आत असेल तर लॅपटॉपही लक्ष देत नाही. बॅटरी काढलेली असेल तर त्या मिचकण्यात तो बंद पडू शकतो.

चार्जरच्या आत एक मोठा कपॅसिटर असतो, तो विजेचा अगदी छोटा साठा धरून ठेवतो. चार्जरवर पूर्ण भार असेल तर हा साठा सेकंदाच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाइतका वेळ पुरतो, भार कमी असेल तर थोडा जास्त. विजेचा खंड त्याहून लांबला की संपलं. इन्व्हर्टर असूनही लॅपटॉप बंद पडतो अशी तक्रार येते त्याचं कारण इथेच आहे. साध्या मोडवरचा घरगुती इन्व्हर्टर लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला जितका वेळ घेतो तो पंख्या-दिव्याला चालतो, पण बॅटरी नसलेल्या लॅपटॉपला चालेलच असं नाही. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे मोड बदलायचं बटण असतं. ते UPS वर ठेवलं तर अदलाबदल जलद होते.

अचानक बंद पडल्याने नेमकं काय बिघडतं? विंडोज बऱ्याच गोष्टी लगेच डिस्कवर लिहीत नाही, थोडा वेळ मेमरीत धरून ठेवते. वीज गेली की ते जातं. फाइल कुठे आहे, तिचं नाव काय, याची नोंद विंडोज सांभाळते, म्हणून यंत्र सहसा पुन्हा चालू होतं आणि आपण निर्धास्त होतो. पण फाइलच्या आतला मजकूर अर्धवट राहिलेला असू शकतो. दुधाच्या नोंदी, दुकानाचा हिशोब, पतसंस्थेचं खातेवही सॉफ्टवेअर हे सगळं एका मोठ्या डेटा फाइलमध्ये असतं. नोंद लिहिली जात असताना मध्येच वीज गेली तर ती एक पावती जाते एवढंच होत नाही, कधीकधी पूर्ण फाइल उघडेनाशी होते. मग दहा दिवसांचं दूधबिल काढायच्या दिवशी शेतकरी रांगेत उभे आणि बॅकअप कुठे आहे याची शोधाशोध. कमकुवत का होईना, बॅटरी आत असेल तर ही वेळ येत नाही.

नव्या लॅपटॉपमध्ये आणखी एक अडचण आहे, ती फारशी कुणाला माहीत नसते. चार्जर जितकी वीज देऊ शकतो त्याहून जास्त वीज प्रोसेसरला काही क्षण लागते, तेव्हा अनेक यंत्रं ती कमतरता बॅटरीतून भरून काढतात. बॅटरीच नसेल तर तो आधार राहत नाही, म्हणून काही मॉडेल स्वतःच प्रोसेसरचा वेग पाडून ठेवतात. ॲपलने तर जुन्या, बॅटरी काढता येणाऱ्या मॅकबुकबद्दल हे उघड सांगितलं होतं की बॅटरी काढून ॲडॅप्टरवर चालवल्यास यंत्राचा वेग कमी होईल. तुमच्या यंत्रात असं होतं का ते ओळखायला Task Manager मध्ये Performance, मग CPU उघडा. काम चालू असताना Speed चा आकडा एक गिगाहर्ट्झच्याही खाली अडकून राहत असेल तर लॅपटॉप मंद होण्याचं कारण व्हायरस नसून बॅटरी नसणं हे आहे. काही यंत्रांत तारीख-वेळही बॅटरीच्याच आधारावर चालते, मग लाईट गेली की तारीख मागे जाते आणि सरकारी संकेतस्थळं उघडायला नकार देतात. बायोस अपडेटही बहुतेक कंपन्यांची यंत्रं बॅटरीशिवाय करू देत नाहीत.

मग बॅटरी काढणं योग्य कधी? माझ्या मते फक्त दोन परिस्थितींत. पहिली म्हणजे बॅटरी अगदी संपली आहे, चार्जर काढताच यंत्र बंद पडतं, आणि त्या जुन्या मॉडेलची चांगली बॅटरी आता मिळत नाही. अशा वेळी ती काढा, पण लॅपटॉप चांगल्या यूपीएसवर चालवा. डेस्कटॉपसाठी मिळतो तो साधा ६०० व्हीएचा यूपीएस लॅपटॉपला भरपूर होतो. दर संध्याकाळी डेटाचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्यायचा नियम करा. आणि चार्जरची पिन सैल असेल तर आधी ती दुरुस्त करा, कारण आता हात लागला तरी यंत्र बंद पडणार आहे. न्यूट्रल तुटून घरात चारशे व्होल्टच्या आसपास वीज आली तर २४० व्होल्टपर्यंतचा चार्जर जळू शकतो. बॅटरी असेल तर निदान काम सेव्ह करायला वेळ मिळतो, नसेल तर तोही नाही. याच कारणाने वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्या की चार्जर बोर्डातून काढून ठेवावा असं मी सांगतो, आणि ते बॅटरी असलेल्यालाच परवडतं.

दुसरी परिस्थिती तातडीची आहे : बॅटरी फुगणं. पूर्वीच्या लॅपटॉपमध्ये पोलादी नळकांड्यांसारखे सेल असत, ते फुगत नसत. आजच्या पातळ यंत्रांत सेल चपट्या मऊ पाकिटात बंद असतो. वर सांगितलेला वायू आत साठला की पाकीट फुगतं. कायम भरलेल्या, कायम गरम यंत्रात हे जास्त होतं. लक्षणं हाताला कळतात. टचपॅड दाबताना कडक लागतो, नंतर क्लिकच होत नाही, मग त्याची एक कड वर येते. कीबोर्डचा मधला भाग किंचित उचललेला दिसतो. सपाट फरशीवर ठेवलेला लॅपटॉप डुगडुगतो. तळाच्या झाकणाला फट पडते, झाकण मिटलं तरी कड जुळत नाही.

यातलं एक जरी दिसलं तरी त्याच वेळी लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि पुन्हा चार्जिंगला लावू नका. टचपॅड दाबून खाली बसवायचा प्रयत्न करू नका. स्वतः स्क्रू-ड्रायव्हर घालून बॅटरी उचकटू नका, कारण पाकिटाला टोक लागलं तर आग लागू शकते. हे काम जाणत्या दुरुस्तीवाल्याचं आहे, आणि तो बॅटरी काढून देईपर्यंत यंत्र गादी, कागद, कापडाच्या गठ्ठ्यापासून दूर, फरशीवर ठेवा. बॅटरी काढल्यावर तेच यंत्र चार्जरवर चालतं का ते पाहता येतं, आणि नवी येईपर्यंत यूपीएसवर ते चालवायला हरकत नाही.

नवी घेताना किमतीपेक्षा लेबल पाहा. भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम बॅटरीवर बीआयएसचं चिन्ह, IS 16046 हा मानक क्रमांक आणि R- ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. मूळ बॅटरीवर असलेला व्होल्टचा आकडा आणि नवीवरचा आकडा जुळायला हवा. बसवल्याच्या दिवशीच ८० टक्क्यांची मर्यादा लावा, पंख्याची जाळी उन्हाळ्याआधी साफ करून घ्या, आणि दिवाळीत दुकान बंद असेल तेव्हा लॅपटॉप निम्म्या बॅटरीवर बंद करून चार्जर काढून जा.

राहिली ती जुनी, फुगलेली बॅटरी. ती उकिरड्यावर टाकू नका, भंगारवाल्याच्या पोत्यात देऊ नका, जाळू तर अजिबात नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा मान्यताप्राप्त ई-कचरा संकलकाकडे ती द्या. तालुक्यात तशी सोय नसेल तर टोकांना चिकटपट्टी लावून, धातूच्या डब्यात वाळू घालून तिच्यात ठेवा आणि पुण्याला कुणी जाईल तेव्हा त्याच्याबरोबर पाठवा. पण एसटीच्या पिशवीत कपड्यांमध्ये दडपून नाही, डब्यातच.